शून्य फरकाच्या दोन ओळी

‘उद्या साडेतीनशे रुपये आणा.’ सहलीच्या पैशांशी बहुतेक मुलांचा संबंध या एका वाक्यापुरताच येतो. साडेतीनशेच का, तीनशे का नाहीत, त्यातले किती गाडीचे आणि किती खाण्याचे, काही उरले का, उरले तर कुठे गेले, हे वर्गात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. तीच मुलं गणिताच्या तासाला मात्र नफा-तोट्याची उदाहरणं सोडवत असतात. त्यातला दुकानदार कुठला, त्याने माल कशासाठी घेतला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

काही शिक्षक आता सहलीचा हिशेबच मुलांच्या हाती देतात. आधी अंदाजपत्रक करायचं, मग खर्च होईल तसा टिपायचा आणि परत आल्यावर दोन्ही शेजारी मांडून फरक शोधायचा. वर्णन ऐकून हे सोपं वाटतं. पण मी जेवढे वर्ग हा उपक्रम करताना पाहिले, त्यातले बरेच पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबले. अंदाजपत्रकाचा तक्ता भिंतीवर लागतो, सहल होते, खर्च अंदाजाच्या आसपास आला की ‘छान झालं’ म्हणून विषय संपतो. खरं शिक्षण तिसऱ्या पायरीवर आहे. तिथे पोहोचायचं तर पहिल्या दोन पायऱ्या नीट पडाव्या लागतात.

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. भाव मी सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या गावात ते वेगळे असतील. साताऱ्यातला सातवीचा वर्ग आहे आणि सहल वाईजवळच्या मेणवलीला जाणार आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वसईहून आणलेली ती मोठी घंटा पाहायची. जाऊन-येऊन एका दिवसाचं काम. मुलं ४०, मोठी माणसं ४, म्हणजे खाणारी तोंडं ४४.

अंदाजाचा पहिला तास फळ्यापासून दूर घ्यावा. प्रत्येकाने आपल्या वहीत, शेजाऱ्याला न दाखवता, एकेका वस्तूचा आकडा लिहायचा. भेळेसाठी कुरमुरे किती लागतील? कुणी अर्धा किलो लिहितो, कुणी दहा किलो. हे आकडे खोडायचे नाहीत. त्यानंतर वर्गात तराजू आणायचा, एका माणसाची भेळ खरोखर कालवायची आणि कुरमुरे वजन करून पाहायचे. साधारण ४५ ग्रॅम कुरमुऱ्यांत ताटली भरते. ४४ जणांचे दोन किलो झाले. दहा किलो लिहिणाऱ्या मुलाच्या डोळ्यासमोर तेव्हा पहिल्यांदा येतं की कुरमुरा जागा खूप घेतो आणि वजन फार भरत नाही. त्याच मापाने फरसाणाचे अडीच किलो निघतात.

भावासाठी मुलांना बाजारात पाठवावं. दोन-तीन दुकानांत विचारायचं, आकडा आणि दुकान दोन्ही लिहून आणायचं. इथे एक रकाना फार उपयोगी पडतो. अंदाजपत्रकात वस्तू, माप, भाव आणि रक्कम यांच्याशेजारी ‘कशावरून’ असा रकाना आखावा. त्यात तीनच शब्द लिहायचे: मोजून, विचारून किंवा मनाने. कुरमुरे मोजून, फरसाणाचा भाव विचारून, कागदी ताटल्यांचे पैसे मनाने. हा रकाना सहलीनंतर बोलू लागतो, म्हणून तो आधीच भरलेला असला पाहिजे.

आपल्या वर्गाचं अंदाजपत्रक असं झालं. शाळेत मुलांची ने-आण करणारी गाडी ८,००० रुपयांत ठरली. दुपारी मसालेभात आणि ताक, मेणवलीजवळच्या एका महिला बचत गटाकडून, ताटाला ७० रुपये. ४४ ताटांचे ३,०८० झाले. सकाळच्या भेळेचं सामान १,१००, चार डझन केळी २४०, पाण्याचे चार जार १६०, ताटल्या आणि कचऱ्याच्या पिशव्या २२०, प्रथमोपचाराचं सामान २००. बेरीज बरोबर १३,०००. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी हजार रुपये राखीव ठेवले. एकूण १४,००० आले, म्हणजे प्रत्येक मुलामागे ३५०.

हे ३५० सगळ्या घरांना सारखे हलके नसतात. म्हणून वर्गणीचा आकडा ठरवताना मुलांसमोर उलटा प्रश्नही ठेवावा. वर्गणी ३०० च्या वर जायची नसेल, तर यातलं काय बदलता येईल? उत्तर शोधताना मुलांच्या लक्षात येतं की भेळ पूर्ण रद्द केली तरी माणशी पंचवीसच रुपये वाचतात. खरा भार गाडीचा आहे. मग ‘जवळचं ठिकाण निवडू’ किंवा ‘दुसऱ्या तुकडीबरोबर जाऊ’ अशा सूचना येऊ लागतात, आणि त्या मुलांकडूनच येतात. कुणाची वर्गणी आली, कुणाची राहिली, ही यादी मात्र मुलांच्या हाती देऊ नये. ती शिक्षकांकडेच राहावी.

गाडीचा खर्च आणि ताटाचा खर्च यांचा स्वभाव वेगळा असतो, हे इथेच दाखवता येतं. गाडीत ४० मुलं बसली तर प्रत्येकी २०० रुपये पडतात, ३२ बसली तर २५०. गाडीवाल्याला द्यायची रक्कम तीच राहते. ताटाचे पैसे माणसांबरोबर वाढतात आणि कमी होतात. निदान अंदाजपत्रक करताना तरी तसं दिसतं. या ‘दिसतं’कडे आपल्याला परत यायचं आहे.

आता टिपण. सहलीच्या आठवडाभर आधी पैसे हलायला लागतात आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. गाडीवाल्याला २,००० आगाऊ दिले, बचत गटाला १,००० दिले. डब्यात ११,००० रुपये आहेत. मुलं डबा मोजतात आणि सुचवतात, ‘एवढे आहेत, तर आइस्क्रीम घेऊ या का?’ डब्यातली रोकड आणि आपली रोकड यांत फरक आहे हे समजावून सांगण्यापेक्षा वहीत एक रकाना वाढवणं चांगलं: ‘देणं बाकी’. गाडीचे ६,००० देणं आहे, बचत गटाचे २,०८०. ते वजा केले की मोकळे २,९२० उरतात. त्यातलेही १,९२० अजून न घेतलेल्या सामानासाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे खरोखर हाताशी आहेत ते राखीव हजारच. आइस्क्रीमचा निर्णय या आकड्यावर होऊ दे. अनेक घरांत महिन्याच्या दहा तारखेला खात्यावर पैसे दिसतात आणि वीस तारखेला ओढाताण सुरू होते, त्याचं कारण बहुधा हाच न आखलेला रकाना असतो.

वहीत प्रत्येक खर्चाची एक ओळ हवी: तारीख, काय घेतलं, किती घेतलं, काय भावाने, रक्कम, पैसे कुणी दिले. ‘भाजी १८०’ असं लिहिलेली ओळ पुढे काहीच सांगू शकत नाही, कारण माप आणि भाव दोन्ही तिच्यातून गेलेले असतात. मंडईत पावती मिळत नाही. तिथे साध्या कागदावर रक्कम लिहून दोन मुलांनी सही करायची आणि तो कागद वहीला लावायचा. एक नवी अडचण म्हणजे शिक्षकांनी फोनवरून दिलेले पैसे. डब्यातून गेलेले नसल्यामुळे ते वहीत येतच नाहीत आणि शेवटी हिशेब जुळत नाही. ‘पैसे कुणी दिले’ हा रकाना त्यासाठीच आहे. रोज शाळा सुटताना डबा मोजायचा आणि वहीतल्या शिलकेशी ताडून पाहायचा. आज दहा रुपयांचा फरक आला तर आज सापडतो, आठवड्याने सापडत नाही.

बाजारात गेल्यावर फरसाणाचा भाव वाढलेला दिसला, तर अंदाजपत्रकातला जुना भाव खोडून नवा घालायचा मोह होतो. तो मोडून काढलाच पाहिजे. नवा भाव शेजारच्या रकान्यात लिहावा. सरकारही असंच करतं. केंद्राचा अर्थसंकल्प उघडून पाहिला तर संपलेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी छापलेले असतात. सुधारित आकडा आला म्हणून मूळ आकडा पुसला जात नाही. अंदाज खोडला की फरकही मिटतो, आणि ज्याच्यावर सगळा तिसरा टप्पा उभा आहे तीच गोष्ट नाहीशी होते.

सहल झाली. त्या दिवशी तीन मुलं आजारी पडल्यामुळे आली नाहीत, म्हणून जेवणारे ४१ झाले. परत आल्यावर खर्चाची बेरीज १३,३०० भरली. अंदाजापेक्षा ३०० जास्त, राखीव धरून ७०० शिल्लक. तेरा हजारांत तीनशेचा फरक म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. बहुतेक वर्ग इथे टाळ्या वाजवून थांबतात. आपण थांबायचं नाही, कारण ही बेरीज आपल्याला फारसं काही सांगत नाही. प्रत्येक ओळीचा फरक लिहायला घेतला की चित्र बदलतं.

सगळ्यात मोठा फरक अशा ओळीत निघतो, जी अंदाजपत्रकात नव्हतीच. साताऱ्याहून वाईकडे जाताना आनेवाडीचा टोलनाका लागतो. गाडीवाल्याने भाडं सांगितलं, मुलांनी लिहून घेतलं, पण ‘यात टोल धरला आहे का?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. जाता-येता मिळून ३५० रुपये धरू. दुसरीकडे प्रथमोपचाराचे २०० खर्चच झाले नाहीत, कारण शाळेची पेटी भरलेली होती आणि ते कुणी पाहिलं नव्हतं. एक ओळ राहून गेली, एक ओळ उगाच आली. दोघींनी एकमेकींना बरंचसं झाकलं. बेरजेत त्यांचे फक्त दीडशे रुपये दिसतात. चुका मात्र साडेपाचशेच्या आहेत.

लहान फरक पटकन पाहून पुढे जाता येतं. पाण्याचे दोन जार जास्त लागले, त्याचे ८०. चमचे आणि पेले विसरले होते, त्यामुळे ताटल्यांच्या ओळीत ९० वाढले. ही ओळ ‘मनाने’ लिहिलेली होती. केळी ४० रुपयांनी स्वस्त मिळाली. टोमॅटोचा भाव किलोला ३० धरला होता, तो ५० निघाला. टक्क्यांत ही वाढ भयंकर दिसते, सदुसष्ट टक्के! रुपयांत ती चाळीसच आहे. चटणी-कोथिंबिरीत वीस वाचले, म्हणजे सगळ्या भेळेत मिळून वीसच रुपये वाढले. टक्का मोठा म्हणून घाबरायचं की रक्कम मोठी म्हणून, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. सातवीच्या मुलांना शेकडेवारी येत असते, पण ती कधी वापरू नये हे कळायला असा टोमॅटो लागतो.

आता या तक्त्यातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या दोन ओळी. दोन्हींपुढे फरकाच्या रकान्यात शून्य आहे.

पहिली ओळ फरसाणाची. अंदाज ६०० रुपये, खर्च ६००. मुलं तिच्यापुढे ‘बरोबर’ अशी खूण करून मोकळी होतात. पण वहीत माप आणि भाव लिहिलेले आहेत, ते काढून पाहावे. अंदाज होता अडीच किलो, २४० रुपयांनी. प्रत्यक्षात घेतलं दोन किलो, ३०० रुपयांनी. भाव साठ रुपयांनी चढला, तो दोन किलोंवर १२० रुपये जास्त घेऊन गेला. माप अर्ध्या किलोने कमी झालं, त्याने जुन्या भावाने १२० रुपये वाचवले. दोन फरक समोरासमोर उभे राहिले आणि बेरीज शून्य झाली. इथे मुलांना विचारावं: अर्धा किलो कमी का घेतलं? भाव जास्त दिसला म्हणून दुकानात उभ्या उभ्या ठरवलं का? आणि भेळ कमी पडली का? आली होती ती ४१ माणसं, म्हणजे आधीच्या मापाने सव्वादोन किलोंहून थोडं अधिक फरसाण लागलं असतं. दोन किलोंत भागलं असेल, तर आपलं मूळ माप सैल होतं. भागलं नसेल, तर वाचलेले पैसे मुलांच्या ताटलीतून वाचलेले आहेत. हे वहीत लिहिलेलं सापडणार नाही, ते खाणाऱ्यांनाच विचारावं लागेल.

दुसरी ओळ मसालेभाताची. अंदाज ३,०८० आणि खर्चही ३,०८०. माप तेच, भाव तोच. इथे तर काही शोधण्यासारखं नाही असं वाटतं. पण जेवले ४१ जण. ४१ ताटांचे २,८७० होतात. म्हणजे २१० रुपयांची तीन ताटं कुणी जेवलंच नाही. ४४ माणसांसाठी केलेल्या अंदाजाशी ४१ माणसांचा खर्च ताडून पाहिला, म्हणून फरक दिसला नाही. आलेल्या माणसांच्या संख्येवर अंदाज नव्याने मांडला की तो लगेच वर येतो. हिशेबनीस कारखान्यात हेच करतात. हजार नगांचं अंदाजपत्रक नऊशे नगांच्या खर्चाशी थेट जोडत नाहीत, आधी ते नऊशेंवर आणतात.

यापुढचा प्रश्न जास्त खोल आहे. ताटाचा खर्च माणसांबरोबर कमी-जास्त होतो असं आपण म्हटलं होतं. मग तीन माणसं कमी झाली तरी तो कमी का झाला नाही? कारण आदल्या दिवशी बचत गटाला ४४ ताटं सांगून झाली होती. ताटं सांगेपर्यंत तो खर्च माणसांवर अवलंबून होता. सांगितल्यानंतर तो गाडीच्या भाड्यासारखाच ठाम झाला. बचत गटातल्या बायकांनी तांदूळ भिजवला, भाजी चिरली, त्यांना पैसे मिळायलाच हवेत. म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात भावाशेजारी आणखी एक नोंद हवी: ‘आकडा कधीपर्यंत बदलता येईल’. गाडीचा किती दिवस आधी, ताटांचा कधीपर्यंत, केळ्यांचा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत. लग्नाचं जेवण ठरवलेल्या प्रत्येक घराला ही नोंद ओळखीची वाटेल.

यातून न्यायाचा एक प्रश्नही सुटतो, किंवा निदान नीट मांडला जातो. न आलेल्या तीन मुलांना ३५० परत द्यायचे का? मुलं आधी म्हणतात, द्यायचे. मग तक्ता पाहतात. ती न आल्यामुळे वर्गाचं वाचलं काय? गाडीचं काही नाही, जेवणाचं काही नाही. थोडी भेळ आणि तीन केळी. पूर्ण पैसे परत दिले तर १,०५० लागतील, आणि शिल्लक आहेत ७००. काही वर्ग शिल्लक सगळ्यांत सारखी वाटतात, प्रत्येकी साडेसतरा रुपये. काही ती आजारी मुलांनाच देतात. मला दुसरा पर्याय अधिक पटतो. पण नियम सहलीच्या आधी ठरलेला असावा. मागून ठरवला की तो कुणाच्या तरी तोंडाकडे पाहून ठरतो.

हा उपक्रम बिघडतो कुठे? बहुतेकदा कौतुकात. अंदाजापेक्षा कमी खर्च करणाऱ्या गटाची पाठ थोपटली, की पुढच्या वेळी मुलं अंदाजच फुगवून करतात. फरसाणाचा भाव २४० कळला तरी ३०० लिहितात आणि शेवटी ‘वाचवले’ म्हणून दाखवतात. याची खूण सोपी आहे: सगळ्या ओळींचे फरक एकाच बाजूला झुकलेले असतात. प्रामाणिक अंदाजाचे फरक दोन्हीकडे पडतात. दुसरा बिघाड याच्या उलटा. गुण आकडा जुळण्यावर दिले, की प्रत्यक्ष खर्चाचा रकाना अंदाज पाहून भरला जातो. तिथे बहुतेक रकमा गोल दिसतात आणि कागद जोडलेले नसतात. म्हणून गुण द्यायचे असतील तर फरकाच्या कारणाला द्यावेत. ‘भाव वाढला’ हे कारण नाही. ‘दिवाळीआधी भाव विचारला, खरेदी दिवाळीत केली’ हे कारण आहे.

या कामाला मर्यादाही आहेत. पाचवीच्या मुलांनी दोन रकाने आणि त्यांची वजाबाकी एवढंच करावं. भावाचा आणि मापाचा फरक वेगळा काढणं सातवी-आठवीत जमतं. राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरणच आहे, तिथे पोहोचलेला वर्ग माणसांच्या संख्येवरून नवा अंदाज मांडू शकतो. दर महिन्याला येणारं उत्पन्न, कर्ज, व्याज यांतलं काही सहलीतून शिकता येत नाही. आणि एका सहलीवरून मूल अंदाज करायला शिकलं असंही म्हणता येत नाही. ते दुसऱ्या खेपेला कळतं. स्नेहसंमेलनाच्या खाऊचं अंदाजपत्रक करताना कुणी न सांगता ‘यात ने-आण धरली आहे का?’ असं एखाद्या मुलीने विचारलं, तर आनेवाडीचे ३५० रुपये वसूल झाले.

हे गणित फार मोठं नाही. गुणाकार, वजाबाकी, थोडी शेकडेवारी. लागतो तो वेळ, आणि तो नेमका सहलीनंतर लागतो, जेव्हा सगळ्यांना विषय संपला असं वाटत असतं. सहलीचे दिवस हिवाळ्यात येतात. तुमच्या शाळेत परवानग्या, पालकांची संमतिपत्रं आणि गाडीची चौकशी सुरू होईल, तेव्हा वेळापत्रकात आणखी एक गोष्ट लिहून ठेवा. परत आल्यानंतरच्या पहिल्या शाळेच्या दिवशी गणिताचे दोन सलग तास मोकळे ठेवा, आणि सुरुवात ज्या ओळीपुढे शून्य आहे तिथून करा.